थिएटरमालकाला पत्र लिहिताना मागणी छोटी आणि नेमकी ठेवा

प्रश्न: आमच्या इंदूरच्या एका थिएटरमध्ये मराठी सिनेमाला गेलं की आजूबाजूला मोबाइल चालू आणि मोठमोठ्याने गप्पा. मालकांना पत्र लिहायचंय. भांडण वाटू नये, पण काही फरक पडावा. कसं लिहू?

उत्तर:

मी इंदूरच्या एका टॉकीजच्या ऑफिसात बरीच वर्षं काम केलं आहे आणि प्रेक्षकांची पत्रं आधी माझ्याच टेबलावर यायची. ‘आजकाल प्रेक्षकांना शिस्त राहिली नाही, कृपया योग्य ती कारवाई करावी’ अशा पत्रावर शिक्का बसायचा आणि ते फायलीत जायचं. मॅनेजरची इच्छा नसायची असं मुळीच नाही, पण ते वाचून डोअरकीपरला नेमकं काय सांगायचं हेच त्यात नसायचं. ज्या पत्रात वार, शो आणि ओळ लिहिलेली असायची आणि त्याच संध्याकाळी करता येईल असं एखादं काम सांगितलेलं असायचं, ते पत्र घेऊन मॅनेजर स्वतः हॉलमध्ये जायचे.

म्हणून लिहायला बसण्याआधी तुमच्या थिएटरात एक गोष्ट बघून घ्या. सिनेमा सुरू झाल्यावर डोअरकीपर कुठे असतो? तिकिटं फाडून झाली की बहुतेक ठिकाणी त्याला दुसऱ्या स्क्रीनच्या दारावर किंवा मध्यंतराच्या तयारीसाठी कॅन्टीनवर पाठवतात. उशिरा येणाऱ्याला अंधारात टॉर्च दाखवायला कोणी उरत नाही, मग तो मोबाइलचा फ्लॅश लावून जागा शोधतो. त्यात पायऱ्यांचे छोटे दिवे बंद असतील तर विचारूच नका, अख्खी ओळ उजळून निघते. एकदा हातात आलेला फोन मग खिशात जात नाही, बसल्या बसल्या त्यावर मेसेज बघणं सुरू होतं. मध्यंतरानंतर पॉपकॉर्न घेऊन परतणाऱ्यांचं हेच. तुम्हाला त्रास होतो तो बहुतेक याच दोन वेळांना, सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं आणि मध्यंतरानंतरची दहा-पंधरा. मालकाकडे माणूस मागायचा तो तेवढ्याच वेळापुरता. पगाराचा खर्च न वाढवता हे जमतं, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना फारसं कारण राहत नाही.

गप्पांचं गणित वेगळं आहे. फोनचा उजेड मागे उभ्या माणसाला लांबून दिसतो, बोलणं मात्र त्याला ऐकू येत नाही, कारण स्पीकरचा आवाज मध्ये असतो. त्यासाठी त्याने बाजूच्या वाटेने एक फेरी मारायला हवी. शिवाय आपल्याकडच्या मराठी शोला बोलण्याचं एक खास कारण असतं. आजी-आजोबांबरोबर आलेल्या नातवंडांना मराठी पूर्ण कळत नाही, आणि आजी प्रत्येक संवाद हिंदीत समजावून सांगते. त्या आजींना ‘गप्प बसा’ म्हणणं मला बरोबर वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर लागणाऱ्या अनेक मराठी सिनेमांची इंग्रजी सबटायटल असलेली प्रत उपलब्ध असते आणि थिएटर ती वितरकाकडे मागू शकतं. शाळकरी मुलं ती सहज वाचतात. हे पत्रात जरूर लिहा, कारण मालकाला ही मागणी तक्रारीसारखी वाटत नाही. उलट त्याची गिऱ्हाइकं वाढतात.

दोन गोष्टी मात्र टाळा. जॅमर बसवा असं लिहू नका. सरकारच्या खास परवानगीशिवाय जॅमर लावणं बेकायदा आहे, आणि आग लागली किंवा कोणाला छातीत दुखलं तर फोन लागायलाच हवा. ही मागणी दिसली की मॅनेजर पुढचं पत्रही गांभीर्याने घेत नाही. दुसरं, पुरावा म्हणून फोन वापरणाऱ्याचा व्हिडिओ काढू नका. तुमच्या फोनच्या उजेडाने मागच्यांना तोच त्रास होतो. शिवाय २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन थिएटरात सिनेमाची चोरटी प्रत काढण्यावर किमान तीन महिन्यांची कैद आणि किमान तीन लाखांचा दंड ठरला आहे. तुमचा हेतू तो नसला तरी पडद्याकडे रोखलेला फोन बघून वाद व्हायचाच.

याच कायद्याचा आधार पत्रात सौम्यपणे घेता येतो. हॉलमध्ये माणूस उभा राहिला तर चोरून रेकॉर्डिंग करणाराही नजरेत येतो, आणि याची काळजी वितरकांना असल्यामुळे मालकालाही असते.

नोकरी सुटल्यावर प्रेक्षक म्हणून मी स्वतः एका थिएटरला दिलेलं पत्र खाली देतो. नावं काढली आहेत. तुमचे मालक मराठी वाचत नसतील तर हेच हिंदीत करा, लांबी एवढीच ठेवा.

मा. संचालक,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्या थिएटरचा जुना प्रेक्षक आहे. इंदूरमध्ये मराठी सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायला मिळतो तो आपल्यासारख्या मोजक्या लोकांमुळे, याबद्दल मनापासून आभार. आपल्या हॉलचा आवाज आणि खुर्च्या दोन्ही उत्तम आहेत, म्हणून आम्ही सहकुटुंब आपल्याकडेच येतो.

गेल्या रविवारी संध्याकाळच्या शोला आम्ही बाल्कनीत एफ ओळीत होतो. सिनेमा सुरू झाल्यावर आलेल्या काही मंडळींनी मोबाइलचे फ्लॅश लावून जागा शोधल्या. डाव्या बाजूच्या पायऱ्यांचे दिवे बंद होते, त्यामुळे त्यांनाही दोष देता येत नाही. नंतर ई ओळीतल्या एका तरुणाचा फोन बराच वेळ सुरू राहिला. पडद्यावर रात्रीचा प्रसंग होता आणि त्याच्या स्क्रीनवरचा मेसेज मला मागून वाचता येत होता. मध्यंतरानंतर मागच्या ओळीत फोनवर मोठ्याने बोलणं चाललं, त्यात शेवटचे महत्त्वाचे संवाद ऐकू आले नाहीत. सांगायला बाहेर गेलो तर दारावर कोणी भेटलं नाही.

आपल्याला विनंती अशी की सिनेमा सुरू झाल्यावर पहिली वीस मिनिटं आणि मध्यंतरानंतर पंधरा मिनिटं एक डोअरकीपर टॉर्च घेऊन हॉलमध्ये थांबावा आणि त्याने बाजूच्या वाटेने एक-दोन फेऱ्या माराव्यात. फोन सुरू दिसला तर टॉर्चचा उजेड त्या माणसाच्या पायाशी टाकून हळूच सांगितलं तरी पुरे. बंद पडलेले पायऱ्यांचे दिवे बदलले तर फ्लॅश लावायची वेळच येणार नाही. हॉलमध्ये माणूस असल्याने चोरून होणाऱ्या रेकॉर्डिंगवरही लक्ष राहील.

मराठी सिनेमाची सबटायटल असलेली प्रत मिळत असेल तर तीही मागवावी. मुलांना अर्थ समजावून सांगावा लागणार नाही, आणि आमच्या ओळखीची काही हिंदीभाषक कुटुंबंही येतील.

आपल्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. या बाबतीत प्रत्यक्ष भेटावं असं वाटल्यास मी कोणत्याही दुपारी येऊ शकतो.

आपला नम्र,
(नाव, फोन नंबर)

या पत्रात मी मुद्दाम काही गोष्टी केल्या आहेत. त्या तरुणाचं वर्णन केलेलं नाही, कारण मॅनेजरला तो परत सापडणार नाही आणि नुसतं वर्णन केलं की पत्राला चुगलीचा सूर येतो. ‘दारावर कोणी भेटलं नाही’ हे वाक्य मात्र हवंच, मालकाला खरी चिंता त्याची वाटते. कर्मचाऱ्यांबद्दल तक्रार नाही हे लिहिलं नाही तर पत्र त्या डोअरकीपरवर शेकतं आणि मग तो तुम्हाला कधीच मदत करत नाही.

‘मी काय करू, लोक ऐकत नाहीत’ असं उत्तर आलं तर शांतपणे एक सांगा. थिएटर ही मालकाची खासगी मालमत्ता आहे आणि लोकहिताला, सुरक्षेला बाधा येत नसेल तर प्रवेशाच्या अटी तो ठरवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरच्या खाद्यपदार्थांच्या प्रकरणात म्हटलं आहे. बाहेरचा वडापाव अडवता येतो, तर ‘सिनेमा चालू असताना फोन बंद’ ही अट तिकिटावर छापता येते. छापलेली अट असली की डोअरकीपरलाही धीर येतो, नाहीतर प्रेक्षक त्यालाच दटावतात.

मालकांना फोनचा त्रास क्षुल्लक वाटत असेल तर प्रोजेक्टरवाल्याकडून खात्री करून घ्यायला सांगा. चमक निट्समध्ये मोजतात. साध्या प्रोजेक्शनमध्ये पडद्याच्या सर्वांत पांढऱ्या भागाची चमक साधारण ४८ निट्स ठेवायची असते आणि रात्रीचे प्रसंग त्याच्या कितीतरी खाली असतात. पूर्ण उजेडावर ठेवलेला फोन कित्येक शे निट्सचा असतो. अंधाराला सरावलेला डोळा त्याच्याकडेच वळतो, आपण कितीही ठरवलं तरी.

माझ्या पत्रानंतर आठवड्याभरात पायऱ्यांचे दिवे लागले आणि मध्यंतरानंतर एक जण टॉर्च घेऊन मागे उभा राहू लागला. फ्लॅश जवळजवळ थांबले, गप्पाही कमी झाल्या. रविवारच्या हाउसफुल शोला मात्र एक माणूस पुरत नाही, तिथे अजून त्रास होतो. त्यामुळे मी स्वतः आता कामाच्या दिवशीचा शो घेतो.

पत्र हातोहात द्या, सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी. नवे सिनेमे शुक्रवारी लागतात, त्यामुळे गुरुवार-शुक्रवार मॅनेजरला शोच्या वेळा आणि बुकिंग यातून मान वर करायला वेळ नसतो. एक प्रत मालकांना, एक मॅनेजरला, आणि आपल्या प्रतीवर पोहोच घ्या. दोन आठवडे काहीच हललं नाही तर दुसरं पत्र न लिहिता तीच प्रत घेऊन मॅनेजरला भेटा आणि विचारा, ‘पायऱ्यांचे दिवे कधी लागतील?’ एवढ्या एका प्रश्नाला तारखेचं उत्तर द्यावंच लागतं.