दाराखालून पाणी येतंय? सीलच्या आधी बिजागरी पाहा

ऐरोलीतल्या चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये पाणी बहुतेक शॉवरच्या काचेच्या दाराखालूनच बाहेर येतं, आणि नवखा माणूस लगेच सिलिकॉन आणायला धावतो. थांबा. आधी दार बंद करून खालची फट दोन्ही टोकांना मोजा. बिजागरीकडे १० मिमी आणि हँडलकडे ६ मिमी भरली, तर दार झुकलंय.

८ मिमी काचेचं दोन फुटी दार साधारण २४ किलोचं असतं. टाइलमागे पोकळी असेल तर वरच्या बिजागरीचा स्क्रू हळूहळू ढिला होतो. दाराला खालून लाकडी पाचर लावून आधार द्या, मगच स्क्रू सोडा. स्क्रू ज्यात बसतो तो भिंतीतला प्लग बदला, काच आणि धातूमधलं गॅस्केट जागेवर आहे ना बघा. धातू थेट काचेला टेकला की काच फुटू शकते.

फट सारखी झाल्यावरच काचेच्या खालच्या कडेला बसणारं सील घ्या, तेही ८ मिमी काचेचंच. १० मिमी काचेचं सैल बसून गळून पडतं. सीलची तिरकी पट्टी शॉवरच्या बाजूला हवी. उलटी बसवली तर पाणी बाहेर ठिबकतं, आणि ही चूक फार वेळा दिसते.

तरीही गळलं, तर दाराजवळ मगभर पाणी ओता. ते जाळीकडे न जाता दाराकडे आलं, तर दोष फरशीच्या उताराचा आहे. तिथे दाराखाली ग्रॅनाइटची अर्धा इंची पट्टी, आतल्या बाजूला किंचित उतार देऊन बसवा.