वयोगटवार दरांना पाचाने का गुणायचं?

"खानापूर तालुक्याच्या सरावाच्या तक्त्यात वयोगटवार जननदरांची बेरीज ३९५ आली. मग एकूण जननदर किती?"

सुमारे १.९८, म्हणजे हेच दर कायम राहिले तर एका बाईला आयुष्यात सरासरी तेवढी मुलं. प्रत्येक दर हजार स्त्रियांमागे एका वर्षाचा असतो, पण बाई त्या गटात पाच वर्षं काढते. समजा १५-१९ ते ४५-४९ या सात गटांचे दर ३०, १२०, १४०, ७०, २५, ८, २ आहेत. बेरीज ३९५, पाचपट १९७५, भागिले हजार. उत्तर ०.४ च्या आसपास आलं, तर पाचाने गुणायचं राहिलंय.

आपल्याकडे खरी मेख माहेरच्या बाळंतपणात आहे. चंदगडची लेक खानापुरात दिलेली, पहिलं बाळंतपण माहेरी. जन्म चंदगडात धरला आणि बाई खानापुरात मोजली, तर खानापूरचा विशीतला दर खोटाच कमी दिसतो. म्हणून जन्म आईच्या नेहमीच्या पत्त्यावर मोजा.