आमच्या प्रोजेक्टमधून ०.८५ काढलं तेव्हा

प्रश्न: पेजरँक म्हणजे शेवटी लिंक मॅट्रिक्सचा आयगनव्हेक्टरच ना? मग ते ०.८५ चं डॅम्पिंग कशाला हवं? आमचे सर म्हणतात, काढून टाक आणि सरळ आयगनव्हेक्टर काढ.

उत्तर:

काढू नका. सर सांगत असले तरी काढू नका. मी ऐकलं होतं आणि त्यात माझे तीन आठवडे गेले. पेजरँक पानांना लिंकांवरून क्रम देतं: दर फेरीला प्रत्येक पान आपलं वजन आपण लिंक दिलेल्या पानांत सारखं वाटतं. डॅम्पिंग म्हणजे त्यातलं ०.८५ च असं वाटायचं आणि उरलेलं ०.१५ सगळ्या पानांत सारखं वाटायचं.

मी गुहागरची. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दापोलीपासून मालवणपर्यंतच्या घरगुती मुक्कामाच्या, देवळांच्या, आंबा विकणाऱ्यांच्या साइट्सची सुमारे तीन हजार पानं गोळा केली होती. ज्या पानांवरून पुढे एकही लिंक नाही (आंब्याच्या दरपत्रकांच्या पीडीएफच पुष्कळ होत्या), त्यांचं वजन सगळ्या पानांत सारखं वाटून दिलं होतं. सगळं चालत होतं. गाइड सरांनी रिपोर्ट बघितला, ०.८५ भोवती लाल पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, "कशावरून?" मी सांगायला लागले तर म्हणाले, "प्रत्येक कॉलमची बेरीज १ आहे, म्हणजे १ ही आयगनव्हॅल्यू आहेच. पेरॉन-फ्रोबेनियस शिकलीस ना? मग हे ठिगळ कशाला?"

मी ठिगळ काढलं. सगळं वजन एका पर्यटन पानावर ठेवून फेऱ्या सुरू केल्या. शंभराव्या फेरीनंतर एका मुक्कामाचं मुख्य पान पहिलं आलं. एकशे एकाव्या फेरीनंतर त्याच मुक्कामाचं फोटोंचं पान पहिलं, एकशे दोनला पुन्हा मुख्य पान. बाकीच्या जवळजवळ तीन हजार पानांचा आकडा शून्याकडे निघाला होता. सर म्हणाले, "फेऱ्या वाढव." हजार केल्या, पाच हजार केल्या. काही फरक नाही.

हे चार पानांत हाताने करून बघा. क हे पर्यटन पान, त्यावरून देवळाच्या ख पानाला आणि मुक्कामाच्या ग पानाला लिंक. ख वरून परत क ला. ग वरून फक्त घ ला, म्हणजे फोटोंच्या पानाला, आणि घ वरून फक्त ग ला. सगळं वजन क वर ठेवून सुरुवात करा. पहिल्या फेरीत ख ला ०.५, ग ला ०.५. दुसरीत क ला ०.५, घ ला ०.५. तिसरीत ख ०.२५, ग ०.७५. चौथीत क ०.२५, घ ०.७५. पाचवीत ग ०.८७५, सहावीत घ ०.८७५. क आणि ख मधलं वजन दर दोन फेऱ्यांना निम्मं होतं आणि जे ग-घ मध्ये शिरतं ते बाहेर येत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारखं ते दोन धक्क्यांमध्ये ये-जा करत राहतं. किती फेऱ्या झाल्या विचारलं तर बोट कुठल्या धक्क्याला आहे ते सांगता येतं, पण ती एका जागी स्थिरावली असं कधीच होत नाही. लागोपाठच्या दोन फेऱ्यांतल्या फरकांची, चिन्ह सोडून, बेरीज छापून बघा. ती कमी व्हायच्या ऐवजी दर फेरीला २ च राहते. हीच खूण.

याचं कारण असं, की ग-घ या जोडीच्या १ आणि -१ अशा दोन आयगनव्हॅल्यू आहेत. फेऱ्या मारून उत्तर तेव्हाच मिळतं जेव्हा १ सोडून बाकी सगळ्यांची किंमत, चिन्ह सोडून, १ पेक्षा कमी असते. -१ चा कितवाही घात घ्या, तो लहान होत नाही. पेरॉन-फ्रोबेनियसमधला जो भाग सरांना हवा होता, तो प्रत्येक पानावरून प्रत्येक पानावर जाता येत असेल तरच लागू होतो, आणि तेव्हाही -१ राहू शकते. इथे तर ग वरून क ला यायला वाटच नाही. १ ही आयगनव्हॅल्यू आहे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

"मग फेऱ्या कशाला, `eig` वापर," हेही ऐकून झालंय. ते तयार फंक्शन सगळे आयगनव्हेक्टर एकदम देतं आणि तीन हजार पानांना जमतंही. पण अशा दोन जोड्या वेगवेगळ्या ठिकाणी असल्या, की १ ही आयगनव्हॅल्यू दोनदा येते. मग या जोडीचं थोडं, त्या जोडीचं थोडं असं कुठलंही मिश्रण बरोबरच ठरतं. `eig` त्यातली दोन काढून देतं, आपण एक उचलतो आणि त्यालाच क्रमवारी समजून बसतो.

डॅम्पिंग लावलं की पहिली १ जागेवर राहते आणि बाकी प्रत्येक आयगनव्हॅल्यूला ०.८५ ने गुणलं जातं. -१ ची -०.८५ होते, दुसऱ्यांदा आलेल्या १ ची ०.८५ होते. उत्तर एकच उरतं आणि चूक दर फेरीला निदान त्या प्रमाणात आटते. ०.८५ चा ८५ वा घात साधारण दहा लाखांत एक, म्हणजे ८५ च्या आसपास फेऱ्या पुरतात. ०.९९ घेतलंत तर त्याच अचूकतेला १३७५ लागतील. वर दिलेल्या चार पानांवर ०.८५ ने उत्तर येतं: ग ०.४१६, घ ०.३९१, क ०.१०९, ख ०.०८४. सुरुवात कुठूनही करा, हेच.

मॅट्रिक्समध्ये ०.१५ चा भाग प्रत्यक्ष भरू नका, सगळी शून्यं भरून जातील आणि पानं लाखांत असली तर मेमरी संपेल. `P` मध्ये फक्त खऱ्या लिंकांचे वाटे ठेवा, `v` मध्ये प्रत्येक पानाला सारखा वाटा; `a` म्हणजे ०.८५ आणि `x` म्हणजे मागच्या फेरीचं वजन:

```python
y = a * (P @ x)
y += (1 - y.sum()) * v
```

दुसरी ओळ महत्त्वाची. डॅम्पिंगचं वजन आणि पुढे लिंक नसलेल्या पानांवरून गळलेलं वजन, दोन्ही ती एकदमच परत वाटते. पीडीएफसाठी आम्ही वेगळा कोड लिहिला होता, त्याची गरजच नव्हती.

आता एक मान्य करते. ०.८५ हाच आकडा असला पाहिजे असं गणित सांगत नाही. ब्रिन आणि पेज यांनी १९९८ च्या लेखात आपण सहसा ०.८५ ठेवतो एवढंच म्हटलंय. १ पेक्षा कमी कुठलाही आकडा उत्तर एकमेव करतो. आणि डॅम्पिंगने त्या जोडीची मक्तेदारीही मोडत नाही: वरच्या उदाहरणात ग-घ कडे अजून ८१ टक्के वजन आहे. ०.५ घेतलं तर ते ६१ वर येतं, पण मग लिंकांचाच प्रभाव ओसरतो आणि सगळी पानं सारखी दिसायला लागतात. म्हणून "०.८५ च का?" असं सर विचारत असतील तर प्रश्न रास्त आहे. "डॅम्पिंग कशाला?" हा नाही.

आमच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तो वर-खाली होणारा तक्ता बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "डॅम्पिंग का नाही लावलंत?" सर शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही, आणि गुण माझे गेले. तेव्हा मला -१ बद्दल सांगता आलं नाही, कारण मी ही चार पानं तेव्हा मांडलीच नव्हती. तुम्ही आज रात्रीच मांडा. डॅम्पिंगशिवाय शंभरावी आणि एकशे एकावी फेरी शेजारी-शेजारी छापा, खाली डॅम्पिंग लावून त्याच दोन फेऱ्या छापा, आणि रिपोर्टवर सही घ्यायच्या आधी तो कागद सरांपुढे ठेवा.