साठेखत करून विक्रेता फिरला: खरेदीखतच मागावं की पैसे?

साठेखत नोंदवलं, १० लाख इसार दिला. आता भाव वाढल्यावर मालक म्हणतो, पैसे परत घ्या. काय करू?

घर हवं असेल तर इसार परत घेऊ नका, करारपूर्तीचा दावा लावा. स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर असा करार अमलात आणायला लावणं हा कोर्टाच्या मर्जीचा भाग उरलेला नाही. पण बरेच दावे पडतात ते एकाच जागी: उरलेली रक्कम द्यायची तुमची तयारी सतत होती का? म्हणून मुदतीत लेखी नोटीस द्या, बँक स्टेटमेंट किंवा कर्जमंजुरीचं पत्र जपा. पैसे तयार नव्हतेच, तर सरळ परताव्याकडे वळलेलं बरं. दाव्यात नुकसानभरपाई आणि इसाराचा परतावा पर्यायी म्हणून मागाच. न मागता कोर्ट देत नाही. खरेदीखताची तारीख ठरली असेल तर तिथून दावा लावायला ३ वर्षांची मुदत.