क्यूआरवर जमा झालेली सगळी रक्कम विक्री धरली जाते का?

प्रश्न : आटपाडी तालुक्यात माझं छोटं किराणा दुकान आहे. जीएसटी नोंदणी नाही. क्यूआर माझ्या बचत खात्याला जोडलेला आहे आणि 2025-26 मध्ये त्यावर 27 लाख 60 हजार जमा झाले. आईच्या उपचारासाठी भावाने पाठवलेले आणि भिशीचे पैसेही त्यातच आहेत. आता विक्रीकडे बोट दाखवून नोंदणी का नाही, अशी विचारणा झाली आहे. करसल्लागार म्हणाले होते, वह्या ठेवायची गरज नाही. शिवाय दुकान चालतं, पण गल्ल्यात पैसा दिसत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या सल्लागारांचं म्हणणं आयकरापुरतं बरोबर आहे. कलम 44एडीखाली डिजिटल विक्रीवर किमान 6 टक्के आणि रोख विक्रीवर किमान 8 टक्के नफा दाखवला, तर हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही. पण विक्री किती झाली, हे तरी सिद्ध करावंच लागतं, आणि जीएसटीचा प्रश्न सगळा त्या विक्रीवरच उभा आहे.

भावाचे आणि भिशीचे मिळून 3 लाख 60 हजार धरू. म्हणजे क्यूआरवरची खरी विक्री 24 लाख. रोख आणि उधारीची मिळून 14 लाख असेल, तर एकूण 38 लाख होते. नुसत्या मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा 40 लाख आहे, म्हणजे तुम्ही आत आहात. पण घरचे पैसे वेगळे दाखवता आले नाहीत, तर तोच आकडा 41 लाख 60 हजार होतो.

आधी दोन गोष्टी तपासा. तंबाखू, पानमसाला किंवा आइस्क्रीम विकत असाल, किंवा रिचार्जचं कमिशन घेत असाल, तर मर्यादा 20 लाखांवर येते. तसं असेल तर नोंदणी टाळण्याचा विचार सोडा आणि उशीर न करता सल्लागारांकडे जा. दुसरं, सुटं धान्य करमुक्त असलं तरी त्याची विक्री या 40 लाखांत मोजली जाते. बरेच दुकानदार ती वगळून हिशेब करतात आणि अडकतात.

विचारणेला दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. बँकेचा उतारा काढून विक्री नसलेल्या प्रत्येक जमेपुढे पेनाने लिहा : कोणाकडून, कशासाठी. भावाच्या रकमेला त्याच्या खात्याचा उतारा आणि दवाखान्याची बिलं जोडा, भिशीला भिशीची वही. आणि आजच दुकानासाठी वेगळं चालू खातं उघडून क्यूआर त्याला जोडा.

पुढे रोजमेळ ठेवा. दोनशे पानी वही पुरते. रात्री दुकान बंद करताना एवढंच लिहायचं : सकाळची शिल्लक 1,500, रोख विक्री 3,200, उधारी वसूल 600, घाऊकवाल्याला दिले 2,000, घरी उचल 700, गल्ल्यात शिल्लक 2,600. क्यूआरची बेरीज खाली वेगळी. प्रत्यक्ष गल्ला मोजून 2,600 भरले नाहीत, तर फरक त्याच रात्री शोधा. बहुतेकदा कोणीतरी घरखर्चाला उचललेले पैसे लिहायचे राहिलेले असतात. आठवड्याने ते आठवत नाहीत. जुनी उधारी वसूल झाली म्हणून ती त्या दिवसाची विक्री धरू नका, नाहीतर एकच विक्री दोनदा मोजली जाते.

त्याशिवाय उधारीवही आणि खरेदी बिलांची तारखेवार फाइल, एवढंच. 31 मार्चला मात्र दुकानातला माल खरेदी किमतीने मोजून यादी करा. हे काम सगळे टाळतात, आणि नफा कळतो तो याच यादीने.

नमुन्याचे आकडे घेऊन पाहा. सुरुवातीचा माल 4,10,000, खरेदी 33,80,000, अखेरचा माल 4,50,000. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत 33,40,000. विक्री 38 लाख, तर ढोबळ नफा 4,60,000. भाडं, वीज आणि पोऱ्याचा पगार 1,84,000 वजा केला की उरले 2,76,000. 6 आणि 8 टक्क्यांच्या हिशेबाने किमान नफा 2,56,000 येतो. खरा नफा जास्त असल्याने विवरणपत्रात 2,76,000 दाखवायचे. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत यावर कर लागत नाही.

आता गल्ल्याचं. उधारी वर्षात 60,000 वरून 1,45,000 झाली असेल, तर 85,000 लोकांकडे अडकले. माल 40,000 ने वाढला, तेही अडकले. 2,76,000 पैकी हातात आले 1,51,000, आणि घरी महिना 18,000 उचलले तर गेले 2,16,000. मधले 65,000 कुठून आले? घाऊकवाल्याची थकबाकी वाढली असेल, नाहीतर भावाचे पैसे दुकानात वापरले गेले असतील. तसं झालं असेल तर उत्तर पाठवण्याआधी मला कळवा, कारण मग ती रक्कम उपचारासाठीच होती असं सरसकट लिहिता येणार नाही.