शेरा ‘अबोल आहे’, बोलण्याला ‘सी’: मुलीशी काय बोलावं?

‘माझी मुलगी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या सत्राचं प्रगतीपत्रक मिळालं. कन्नडमध्ये ऐकणे ‘ए’, लिहिणे ‘ए’, वाचणे ‘बी प्लस’, पण बोलणे ‘सी’. मराठीत बोलणे ‘बी प्लस’. विज्ञानाला एसएमध्ये ‘ए’, एफएमध्ये ‘बी प्लस’. शेरा असा: अबोल आहे. गटकार्यात मागे राहते. वही नीटनेटकी. हिचे पप्पा म्हणतात, पुढं नोकरीला कन्नड लागणार, आत्ताच क्लास लावू. पोरगी पत्रक दाखवल्यापासून गप्पच आहे. तिच्याशी काय बोलू?’

ताई, नमस्कार.

आधी शेऱ्यातली तीन वाक्यं वेगवेगळी वाचा. ‘वही नीटनेटकी’ आणि ‘गटकार्यात मागे राहते’ हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘अबोल आहे’ हे त्यावरून त्यांनी काढलेलं अनुमान आहे. मुलीशी बोलताना पाहिलेल्या गोष्टींवर बोलावं, अनुमान बाजूला ठेवावं. ‘तू अबोल आहेस म्हणे’ म्हटलं की तिला उत्तर देण्यासारखं काही उरत नाही.

आता श्रेण्या एकमेकींशेजारी ठेवा. कन्नड तिला ऐकून समजतं, लिहिताही येतं. म्हणजे भाषा येत नाही असं नाही, अडतं ते तोंडाने बोलताना. हे फक्त कन्नडचं असतं तर विज्ञानात दिसलं नसतं, कारण विज्ञान ती मराठीत शिकते. तिथेही एसएची लेखी परीक्षा चांगली गेली आहे आणि प्रकल्प, तोंडी प्रश्न, गटातलं काम असतं त्या एफएमध्ये ती थोडी खाली आहे. गटकार्याचा शेराही तेच सांगतो. माझा अंदाज असा, की चारचौघांसमोर बोलायची वेळ आली की ती मागे सरते, आणि कन्नडमध्ये चुकण्याची भीती त्यात मिसळल्यामुळे तिथे श्रेणी ‘सी’पर्यंत उतरते. पण हा अंदाजच आहे. तोंडी श्रेणी कधी कधी एकाच दिवसाच्या एकाच कृतीवरून दिलेली असते. म्हणून सहावीचं पत्रक काढून बघा. तेव्हाही बोलण्याची श्रेणी खाली होती, की यंदाच घसरली?

बोलायला बसाल तेव्हा पत्रकावर सही करण्याची घाई नको, आणि पाहुणे किंवा भावंडं समोर नकोत. सुरुवात वहीपासून करा. ‘बाईंनी वहीचं लिहिलंय, कुठली वही गं, दाखव बघू.’ ती दाखवेल, दोन शब्द बोलेल. मग विचारा, ‘गटात काम असतं तेव्हा तुझ्याकडे काय येतं?’ ‘का बोलत नाहीस?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला मुलं ‘काय माहीत’ म्हणतात, कारण त्यांनाही ते नेमकं माहीत नसतं. ‘तुझ्याकडे काय येतं’ याला मात्र खरं उत्तर मिळतं. समजा ती म्हणाली, ‘तक्ता मी काढते, सांगायला दुसरी उभी राहते.’ तर मग ती मागे राहत नाही, तिचं काम फक्त बाईंना दिसत नाही. पुढच्या वेळी आपण काढलेल्या तक्त्यातली दोन वाक्यं तिनेच सांगायची, एवढंच ठरवा. आणि जर ती म्हणाली, ‘कन्नड बोलले की हसतात,’ तर तिथे थांबा, ऐकून घ्या. ‘हसू देत, लक्ष देऊ नको’ म्हणून विषय मिटवू नका. कोण हसतं, कधी हसतं, हे तिला सांगू द्या.

त्यानंतर बाईंना भेटा. ‘शेरा असा का लिहिला?’ असं विचारलं की कुणालाही सावरून बोलावंसं वाटतं. त्याऐवजी ‘गटात ती काय करताना दिसली, एखादा प्रसंग सांगाल का?’ असं विचारा. कन्नडच्या शिक्षकांना पुढच्या एफएची तोंडी कृती काय आहे ते आठवडाभर आधी सांगायची विनंती करा. घरी ती कृती आधी तुमच्यासमोर, मग एखाद्या कन्नड बोलणाऱ्या शेजारणीसमोर होऊ द्या. वाक्य तुटलं तरी मध्ये दुरुस्त करू नका, शेवटपर्यंत जाऊ द्या.

क्लासबद्दल पप्पांची काळजी रास्त आहे. कर्नाटकात राज्य सरकारच्या नोकरीसाठी कन्नड लागतंच. पण क्लासमध्ये व्याकरण आणि प्रश्नोत्तरं लिहून घेतात, आणि लिहिण्यात तिला आधीच ‘ए’ आहे. जिथे मुलांना बोलायला लावतात असा क्लास मिळाला तर जरूर लावा, नाहीतर यंदा नको.

एक गोष्ट मात्र वेगळी. पूर्वी घरात भरपूर बोलणारी मुलगी या वर्षी घरीही गप्प झाली असेल, शाळेत जायला टाळत असेल किंवा हाक मारल्यावर दोनदा सांगावं लागत असेल, तर आधी तिचे कान तपासून घ्या आणि वर्गात कुणी त्रास देतंय का ते बाईंकडे स्पष्ट विचारा. बोलण्याचा सराव त्यानंतर.