आजोबांचा चहा : विसरत जाणाऱ्या माणसाची कथा लिहिणाऱ्यांसाठी प्रश्नोत्तरे

प्रश्न (नौपाडा) : माझ्या कथेत पहिल्याच पानावर आजोबा नातवाला "तू कोण रे?" असं विचारतात. जिच्या घरात हा आजार झालाय अशा मैत्रिणीला ते पटलं नाही. कुठे चुकलं?

क्रम चुकला. स्मृतिभ्रंशाचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूच्या ज्या भागांना आधी धक्का लागतो त्यांत हिप्पोकॅम्पस येतो, आणि नवी आठवण पक्की करण्याचं काम तिथेच होतं. त्यामुळे सुरुवातीला जातं ते आजचं आणि कालचं. सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही, पण पहिल्या नोकरीतल्या साहेबाचं नाव, त्याचा स्वभाव, तो कुठल्या लोकलने यायचा, सगळं तोंडपाठ असतं. म्हणूनच घरचे दोन-दोन वर्षं म्हणत राहतात, "यांची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली आहे."

पहिल्या पानावर नातवाला दिसायला हवं ते वेगळंच. तलावपाळीला फेरी मारताना आजोबा विचारतात, "आज शाळेत काय झालं?" तो सांगतो. अर्धी फेरी होते आणि आजोबा तेच पुन्हा विचारतात, तितक्याच आवडीने. सहा वर्षांच्या मुलाला त्यात काही खटकत नाही. उलट दुसऱ्यांदा सांगताना तो गोष्ट आणखी रंगवतो. वाचकाला मात्र कळतं.

नातवाची ओळख जाते ती बरीच पुढे, आणि तीही सहसा "तू कोण?" म्हणून नाही, तर चुकीच्या नावाने. आजोबा त्याला त्याच्या बाबांच्या नावाने हाक मारतात, कारण त्यांच्या मनात ३५ वर्षांपूर्वीचा काळ चालू असतो आणि त्या काळात घरात एवढा मुलगा एकच होता. हा प्रसंग अनोळखीपणाइतका भीषण नसतो, पण जास्त खरा असतो.

प्रश्न (ऐरोली) : आजाराचे टप्पे दाखवायला गेले की कथा डॉक्टरांच्या पत्रकासारखी होते. नातीच्या नजरेतून ते कसे दाखवू?

रोज घडणारी एकच गोष्ट निवडा आणि तीच चार-पाच वेळा दाखवा. मी चहा निवडेन. चहा करणं आपल्याला एक काम वाटतं, पण त्यात पायऱ्या आहेत. पातेलं घ्यायचं, पाणी मोजायचं, आलं किसायचं, साखर, चहा पावडर, उकळी, दूध, पुन्हा उकळी, मग गाळायचं. प्रत्येक पायरीला आधीची पायरी झाली की नाही हे लक्षात असावं लागतं. आजार याच पायऱ्यांवरून खाली उतरतो.

नात सहा वर्षांची आहे. रविवारी दुपारचा चहा आजोबा करतात आणि तिला बशीत दोन घोट मिळतात. एक दिवस चहा फार गोड लागतो. आजोबांनी साखर घातली, ते विसरले आणि पुन्हा घातली. तिला तो चहा आवडतो! आजी मात्र काही न बोलता आपला कप मोरीत ओतते. लक्षण मुलीपर्यंत आनंद होऊन येतं, आणि आजीची पाठ तिला दिसते पण कळत नाही. हा पहिला टप्पा. आजोबा बाकी ठणठणीत आहेत, पेपर वाचतात, पाहुण्यांशी बोलतात. चूक दाखवली तर "मुद्दामच घातली, पोरीला आवडते" म्हणून वेळ मारून नेतात. ही सारवासारव जरूर लिहा. ती या टप्प्याची मोठी खूण आहे.

नात आठ वर्षांची होते. आता घोटाळा पायऱ्यांच्या क्रमात आहे. दूध आधी तापत ठेवतात, पाणी राहूनच जातं, चहा पावडर थेट गाळण्यात पडते. किंवा पातेलं रिकामंच असतं आणि खाली गॅस पेटलेला. त्या दिवसापासून घरात एक नवी सवय लागते. स्वयंपाक झाला की आई पाइप गॅसचा भिंतीवरचा कॉक आडवा करून ठेवते. नातीला कारण कोणी सांगत नाही. तिला एवढंच दिसतं की आजोबा शेगडीची खटकी फिरवतात, लायटर टकटक करतात, ज्योत येत नाही, आणि ते लायटरकडे बघत उभे राहतात.

दहाव्या वर्षी वस्तूच अनोळखी होतात. डोळ्यांना दिसतं, पण ही कशासाठी असते ते सापडत नाही. आजोबा गाळणं हातात घेतात, उलटसुलट करतात आणि सदऱ्याच्या खिशात ठेवतात. संध्याकाळी कपडे मशीनला लावताना नातीला ते सापडतं. ती गुपचूप ते जागेवर लावते. ती आता लपवालपवीत सामील झाली आहे, हे वेगळं सांगायची गरज नाही.

पण त्याच दिवशी त्यांच्यासमोर तयार चहा ठेवा. आजोबा कप उचलून थोडा बशीत ओततील, फुंकर मारतील, फुर्रकन ओढतील. हात चुकत नाही. अंगवळणी पडलेल्या हालचाली मेंदूच्या आतल्या वेगळ्या भागांवर चालतात आणि तिथे आजार बहुधा उशिरा पोचतो. जुनी आरती किंवा पाढे असेच टिकतात. कथेत सौम्यपणा आणायचा असेल तर तो इथून आणा, म्हणजे वेगळी गोड वाक्यं लिहावी लागणार नाहीत.

बाराव्या-तेराव्या वर्षी चहा चमच्याने आहे. शेवटच्या टप्प्यात गिळणंच बिघडतं, आणि पातळ पदार्थ घट्टपेक्षा जास्त त्रास देतात, कारण ते घशात वेगाने उतरतात आणि श्वासनलिकेत जातात. ते ओळखता येतं. घोटानंतर खोकला येतो, किंवा आवाज ओला, घुरघुरल्यासारखा होतो. म्हणून आजोबांना नीट ताठ बसवतात, हनुवटी किंचित खाली ठेवतात, अर्धा चमचा देतात, गिळलेलं दिसेपर्यंत दुसरा देत नाहीत आणि नंतर निदान अर्धा तास आडवं करत नाहीत. चहा दाट करायची पावडर मिळते, पण ती गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला विचारूनच वापरायची. तुमची नात हे सगळं करू शकेल. तेरा वर्षांच्या मुलीला चमचा किती भरायचा ते बरोबर कळतं.

या पाच प्रसंगांत आजाराचं नाव एकदाही आलेलं नाही.

प्रश्न (कोपरखैरणे) : माझी कथा एका मे महिन्याच्या सुट्टीत संपते. चालेल का?

अख्खा उतार दाखवायचा असेल तर नाही चालणार. निदानानंतर अल्झायमरचा रुग्ण साधारण चार ते आठ वर्षं जगतो, काही जण वीस वर्षांपर्यंतही. बदल महिन्यांत नाही, वर्षांत मोजावा लागतो. सुट्टीच हवी असेल तर एकच टप्पा घ्या, किंवा लागोपाठच्या सहा सुट्ट्या घ्या.

दोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्टासारखा वागू लागला तर ते वेगळं असतं. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, असं काहीतरी मागे असतं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. कथेत असा प्रसंग आला तर घरच्यांना "वयच झालं" म्हणून गप्प बसवू नका. मेंदूच्या रक्तपुरवठ्यामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात मात्र उतार पायरीपायरीने असू शकतो. बरेच महिने स्थिर, मग एकदम एक पायरी खाली.

प्रश्न (नेरूळ) : आजोबा रोज संध्याकाळी पिशवी घेऊन "घरी जायचंय" म्हणतात, असा प्रसंग आहे. नातू त्यावर काय बोलेल?

मोठी माणसं म्हणतात, "अहो, हेच आपलं घर." ते खरं असूनही उपयोगाचं नसतं. आजोबांना हवं असलेलं घर ठाण्यातल्या चाळीतलं आहे, आणि खरं तर ते घर म्हणजे एक काळ आहे. त्यांची आई जिथे वाट बघतेय तो. वाद घातला की त्यांना एवढंच कळतं की ही माणसं मला अडवतायत. मग आवाज चढतो.

मूल वाद घालत नाही, कारण त्याला उत्तर माहीत असण्याचा आग्रह नसतो. तुमचा नातू विचारेल, "तुमच्या घरी कोण कोण आहे?" आणि चपला घालेल. दोघं खाली उतरतील, सोसायटीच्या बागेला दोन चकरा मारतील, आजोबा चाळीतल्या नळाबद्दल सांगतील, आणि दमल्यावर नातू म्हणेल, "चला, चहा घेऊ." पिशवी खुंटीवर जाते. काळजीवाहकांना शिकवतात तेही जवळपास हेच आहे. भावनेला उत्तर द्यायचं, मग लक्ष दुसरीकडे वळवायचं.

वेळ संध्याकाळची धरलीत ते बरोबर आहे. उजेड उतरला, थकवा आला की गोंधळ वाढतो. अंधार पडण्याआधीच घरातले दिवे लावणं, दुपारची झोप लांबू न देणं, लघवीला जायचंय का, कुठे दुखतंय का, हे पाहणं, याने फरक पडतो. आणखी एक बारकावा : दाराशी काळं पायपुसणं असेल तर ते त्यांना खड्ड्यासारखं दिसू शकतं. ते पाऊल उचलत नाहीत आणि घरचे त्याला हट्ट समजतात.

आजोबा हरवल्याचा प्रसंग पुढे नेणार असाल तर "चोवीस तास थांबा" असं कुणाच्या तोंडी घालू नका. ताबडतोब ११२ वर फोन करायचा असतो, आणि सकाळी अंगात काय कपडे होते ते सांगायचं असतं. हे अचूक सांगू शकेल असा घरात नातूच असेल.

प्रश्न (वाशी) : "आजोबा हळूहळू लहान मूल झाले" असं वाक्य शेवटाकडे लिहिलंय. एका वाचकाने ते अपमानकारक म्हटलं. काढू का?

निरीक्षण काढू नका, वाक्य काढा. कामं सुटण्याचा क्रम खरोखर मूल ती शिकतं त्याच्या उलट जातो. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ बॅरी राइसबर्ग यांनी यावरच टप्पे मोजण्याची पट्टी बसवली. आधी प्रसंगाला साजेसे कपडे निवडणं सुटतं, मग ते घालणं, मग अंघोळ, मग संडास-लघवीवरचा ताबा, नंतर बोलणं, चालणं. अगदी शेवटी हसू जातं आणि मान सावरणं जातं. तुमची नात बुटाची नाडी बांधायला शिकते त्याच वर्षी आजोबांना सदऱ्याची बटणं जमेनाशी होतात, इतकं शेजारी ठेवलं तरी पुरे.

पण माणूस मूल होत नाही. बोबडं बोललेलं, इतरांसमोर लंगोट बदललेला त्यांना झोंबतं, शब्द नसले तरी. नातीने दार लोटून घेतलं, एवढी एक कृती लिहा.

प्रश्न (घोडबंदर रोड) : शेवटी आजोबांना क्षणभर सगळं आठवतं आणि ते नातवाला नावाने हाक मारतात. हा शेवट ठीक आहे का?

अधूनमधून बरे क्षण येतात, तेव्हा अशक्य नाही. पण मी तो शेवट करणार नाही. तसं केलं तर आठवण परत येणं हेच प्रेमाचं माप ठरतं, आणि ज्यांच्या घरी ती हाक आली नाही त्यांना वाटतं आपण कमी पडलो.

दुसरा शेवट जास्त भक्कम पायावर उभा आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. थोड्याच वेळात काय पाहिलं ते त्यांना जेमतेम आठवत होतं, काहींना काहीच नाही, पण त्यातून आलेलं दुःख किंवा आनंद बराच वेळ मनात राहिला होता. म्हणजे नातू येऊन बसला हे आजोबा विसरतील, तरी तो गेल्यावरही त्यांच्या मनाला बरं वाटत राहील.

तेव्हा नातवाला हाक न मारता जाऊ द्या. तो चमचा धुतो, दप्तर उचलतो, "येतो आजोबा" म्हणतो. दहा मिनिटांनी आजी आत येते तेव्हा आजोबा खिडकीकडे बघत असतात आणि त्यांच्या मुठी सैल पडलेल्या असतात. आजी विचारते, "कोण आलं होतं?" ते "कोणी नाही" म्हणतात.